स्वतःचा मसुदा मोठ्याने वाचताना



प्रकल्पाचा मसुदा लिहून झाला की आपण तो डोळ्यांखालून घालतो, ऱ्हस्वदीर्घ तपासतो आणि अभ्यासकेंद्रावर देऊन मोकळे होतो. काही वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच दूरशिक्षणाची विद्यार्थिनी होते आणि मीही तसेच केले होते. प्रकल्पाचा विषय होता ‘माझ्या परिसरातील एक व्यक्ती’. व्यक्ती म्हणून मी माझ्या वडिलांची निवड केली होती. ते महाड तालुक्यातील तुडीलचे. तरुणपणी मुंबईच्या कापडगिरणीत विणकाम खात्यात होते आणि १९८२च्या संपानंतर गावी परतले. त्यांच्याविषयी लिहिताना मला पुस्तके चाळण्याची गरज वाटली नाही. सारे घरातलेच होते.

मसुदा परत आला तेव्हा पहिल्या पानावरील एका परिच्छेदाखाली पेन्सिलीची नागमोडी रेघ होती. तो परिच्छेद मी येथे जसाच्या तसा देते, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याच आधारे करायचे आहे.

‘तुडील हे निसर्गाच्या कुशीत वसलेले एक टुमदार गाव आहे. येथील लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत. पोटापाण्यासाठी गावातील अनेकजण मुंबईला गेले. गिरणीतील जीवन अत्यंत खडतर होते. यंत्रांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने कामगार ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे ओळखत. संपाने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. माझ्या वडिलांच्या जीवनातही अंधार पसरला. तरीही त्यांनी खचून न जाता परिस्थितीवर मात केली.’

मला सर्वांत जास्त लागले ते प्रश्नचिन्ह पाचव्या वाक्याशेजारी होते. समासात लिहिले होते, ‘ऐकीव वाटते. आधार काय?’ वास्तविक साऱ्या परिच्छेदात अस्सल असे तेच एक वाक्य होते. वडील आजही समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बोलणे समजून घेतात. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि ओठ वाचायची सवय मात्र राहिली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांतही विणकर असेच ओठांवरून बोलत असत. म्हणजे वाक्य खरे होते, पडताळता येण्याजोगे होते, आणि तरी शंका नेमकी त्याच्यावर आली.

असे का झाले, हे कळायला मला वेळ लागला. परीक्षक आपल्या वडिलांना ओळखत नसतो. त्याच्यासमोर फक्त आपली वाक्ये असतात. त्यांपैकी पहिली चार वाक्ये कोणीही, कोणत्याही गावाविषयी, घरात बसून लिहू शकले असते. ती वाचून त्याचे मत बनते की लेखिकेने स्वतः काही पाहिलेले नाही. मग पाचव्या वाक्यात खरीखुरी गोष्ट आली तरी तीही कोठून तरी उचललेली असावी, असेच त्याला वाटते. सरधोपट वाक्य स्वतःपुरते निरुपद्रवी असते. त्याच्यामुळे शेजारच्या खऱ्या वाक्याची साक्ष मात्र अमान्य होते. म्हणून अशी वाक्ये आपली आपणच शोधून काढणे आवश्यक असते, आणि त्यासाठी मला उपयोगी पडलेला मार्ग म्हणजे मसुदा मोठ्याने वाचणे.

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्ये अभ्यासिकेत ओरडून म्हणून पाहत असे. त्याला वाक्याची लय तपासायची असे. आपला हेतू त्याहून साधा आहे. आपण कोणत्या वाक्याला बोलणारा माणूस उरलेला नाही, हे ऐकायचे आहे.

मोठ्याने वाचण्याची वेळ माझ्यावर योगायोगाने आली. सुट्टीत तुडीलला गेले होते. ओटीवर बसलेल्या वडिलांनी विचारले, “माझ्यावर काय लिहिलंस ते वाच की.” त्यांना ऐकू यावे म्हणून आवाज चढवून, एकेक शब्द तोडून वाचावे लागले. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’ असे म्हणताना मला प्रथमच संकोच वाटला. एकटीने मनात वाचताना हे शब्द डोळ्यांखालून सहज सरकत होते. ज्या गावाविषयी ते लिहिले होते, त्याच गावात, तेथेच जन्म गेलेल्या माणसासमोर ते उच्चारणे अवघड झाले.

त्या दिवशी जे घडले त्यावरून मला तीन खुणा कळल्या. त्या तुम्हीही ऐकू शकाल.

पहिली खूण जिभेची आहे. काही वाक्यांत पुढचा शब्द डोळ्यांनी पाहण्याआधीच जिभेवर येतो. ‘निसर्गाच्या’ म्हटले की ‘कुशीत’ येतेच. ‘खचून न जाता’ म्हटले की ‘मात केली’ ठरलेलेच. अशा ठिकाणी वाचण्याची गती आपोआप वाढते. आपण वाचत नसतो, पाठ म्हणत असतो. याउलट ‘ओठांच्या हालचालींवरून’ या शब्दांशी मी किंचित थांबले होते, कारण ते शब्द मी आधी कोठेही ऐकलेले नव्हते.

दुसरी खूण आवाजाची आहे. सरधोपट वाक्य आले की आपला रोजचा आवाज जातो आणि शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेचा आवाज येतो. शेवटच्या शब्दावर हेल पडतो. लागोपाठ तीन-चार वाक्ये ‘आहे’ किंवा ‘होते’वर संपत असतील, तर हा हेल फार स्पष्ट ऐकू येतो. ‘मानले जाते’, ‘दिसून येते’, ‘ओळखले जाते’ असे शेवट आले, तर कोण मानते आणि कोणाला दिसते, हा प्रश्न अशा ठिकाणी स्वतःला विचारावा.

तिसरी खूण ऐकणाऱ्याची आहे, आणि ती सर्वांत खात्रीची. मी ‘गावातील अनेकजण मुंबईला गेले’ असे वाचल्यावर वडिलांनी माझ्या तोंडाकडे पाहत विचारले, “कोण कोण?” त्यांना टीका करायची नव्हती. नावे ऐकायची होती. मला एकही सांगता आले नाही. मग त्यांनीच बोटे मोडत घरे मोजली. आमच्या वाडीतल्या सात घरांपैकी पाच घरांतले पुरुष तेव्हा मुंबईत होते. दर महिन्याला मनीऑर्डर येई, आणि तिच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेला चार ओळींचा मजकूर माझी आई पोस्टमनकडूनच वाचून घेई. पुढे ‘वडिलांच्या जीवनातही अंधार पसरला’ हे वाक्य आले तेव्हा ते गोंधळून म्हणाले, “अंधार कसला? मी तर उजेडातच झोपायचो.” त्यांची बरीच वर्षे रातपाळीत गेली होती. गावी परतल्यावर कित्येक महिने त्यांना रात्री झोप लागत नसे. सारे गाव निजल्यावर ते याच ओटीवर एकटे बसून राहत आणि सकाळी माणसे शेतावर निघाली की त्यांचे डोळे मिटू लागत. हे मी लहानपणी पाहिले होते. ‘अंधार’ हा शब्द लिहिताना मात्र ते मला आठवले नव्हते. तयार शब्द हाताशी होता, म्हणून आठवणीपर्यंत जाण्याची गरजच पडली नव्हती.

आता ही तपासणी रीतसर कशी करावी, ते सांगते.

मसुदा लिहून झाल्यावर किमान दोन दिवस बाजूला ठेवा. त्यानंतर तो कागदावर घ्या. पडद्यावर वाचताना हात लगेच दुरुस्ती करू लागतो आणि वाचन थांबते. हातात पेन्सिल ठेवा. समोर कोणी ऐकणारे असेल तर उत्तम. नसेल तर ज्याच्याविषयी किंवा ज्या गावाविषयी लिहिले आहे, तेथील एखादा माणूस समोर बसला आहे, असे समजून वाचा. जेथे वरील तीनपैकी कोणतीही खूण जाणवेल, तेथे समासात फक्त एक उभी रेघ ओढा आणि पुढे चला. त्याच वेळी वाक्य सुधारू नका, कारण सुधारायला थांबलात की कान बंद होतात. एका बैठकीत पाच-सहा पानांपेक्षा जास्त वाचू नये. नंतर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो.

वाचन संपल्यावर रेघ ओढलेल्या प्रत्येक वाक्याला दोन कसोट्या लावा. पहिली, गावाचे किंवा माणसाचे नाव बदलून पाहा. ‘तुडील’च्या जागी ‘पोलादपूर’ किंवा ‘चिपळूण’ घातले आणि वाक्य तसेच खरे राहिले, तर ते तुडीलविषयीचे वाक्य नव्हे. दुसरी, ‘हे कोणी पाहिले, केव्हा आणि कोठे?’ असे विचारा. उत्तर येत असेल, तर ते उत्तर हेच तुमचे खरे वाक्य असते. उत्तर येत नसेल, तर विचारायला जावे लागेल किंवा वाक्य काढून टाकावे लागेल.

माझ्या परिच्छेदाचे काय झाले ते पाहू. पहिली दोन वाक्ये मी काढून टाकली, कारण दोन्ही कसोट्यांवर ती पडली आणि त्यांच्या जागी सांगण्यासारखे तेथे काही नव्हते. गाव कोठे आहे हे वाचकाला कळणे आवश्यक होते, म्हणून सावित्रीच्या खाडीकडील, ज्याला खाडीपट्टा म्हणतात त्या भागात तुडील आहे, एवढेच ठेवले. ‘अनेकजण’च्या जागी सात घरे, पाच पुरुष आणि मनीऑर्डर आली. ‘अंधार’च्या जागी रात्रीची ओटी आली.

‘संपाने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली’ या वाक्याबाबत मात्र वेगळा निर्णय घ्यावा लागला, आणि तो तुमच्या लक्षात यावा असे वाटते. सर्वसामान्य विधान आणि सरधोपट विधान एकच नव्हेत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, हेही सर्वसामान्य विधानच आहे. ते एकट्या माझ्या वडिलांविषयीचे नाही. पण त्यात दिवस आहे, नाव आहे, आकडा आहे, आणि परीक्षक ते पडताळून पाहू शकतो. पुढची घरगुती हकीकत कोणत्या काळात घडते, हेही त्यातून कळते. म्हणून ते ठेवले. ‘असंख्य’ आणि ‘उद्ध्वस्त’ हे दोन शब्द मात्र गेले, कारण ते केवळ मोठा आवाज काढण्यासाठी तेथे होते.

उरले ‘गिरणीतील जीवन अत्यंत खडतर होते’. येथे माझी मोठी चूक झाली. वाक्य पोकळ आहे हे ऐकू आल्यावर, वडिलांना न विचारताच, ते भरण्यासाठी मी लिहिले की ते एकाच वेळी सोळा माग चालवीत. हा आकडा मी कोठे तरी वाचला होता आणि तो चांगला ठसठशीत वाटला. पुन्हा वाचून दाखवताना वडिलांनी हात वर करून चार बोटे दाखवली. सोळा माग सांभाळणारे कामगार होते, पण ते स्वयंचलित मागांवर. वडील साध्या मागांवर होते. गिरणी माहीत असलेल्या परीक्षकाच्या हाती माझा तो आकडा पडला असता, तर सारा प्रकल्पच कल्पित ठरला असता. पोकळ वाक्याने शंका येते. बनावट तपशिलाने शंकेचे खात्रीत रूपांतर होते. कानाने पोकळी सापडली, तर ती कल्पनेने बुजवू नका.

मग मी त्यांना विचारले, “खडतर म्हणजे नेमके काय?” ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी ओठ पुढे काढून हवा आत ओढून दाखवली. बॉबिन बदलताना धोट्याच्या छिद्रातून नवा धागा जुने विणकर असा तोंडाने ओढून घेत. धाग्याबरोबर कापसाची धूळही आत जाई. वडिलांनी सुरुवातीला आपल्या वडीलधाऱ्यांना असे करताना पाहिले होते. ही एक कृती हाती लागल्यावर मी ग्रंथालयात गेले, आणि तेथे त्या कृतीमागचा इतिहास सापडला. धागा तोंडाने ओढावा लागत असल्यामुळे विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे. त्या खात्यात मजुरी अधिक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न मांडला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२७च्या मार्चमध्ये, आमच्या तालुक्याच्या गावी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पाणी असो वा धागा, प्रश्न तोंडाला लागणाऱ्या गोष्टीचाच होता, हे मला तेव्हा प्रथम उमगले. वडिलांना विणकाम खात्यात जागा मिळाली, यात त्यांच्या जातीचाही वाटा होता, हे मी प्रकल्पात लिहिले. ‘खडतर’ या शब्दावर समाधान मानले असते, तर त्या वाटेने मी गेलेच नसते.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आपला आवाज आपल्याला फसवतो. ‘खचून न जाता परिस्थितीवर मात केली’ हे वाक्य मी एकटीने मोठ्याने वाचले होते तेव्हा माझा गळा दाटून आला होता, आणि मला वाटले, हे वाक्य चांगले उतरले आहे. ती भावना माझ्यात होती, वाक्यात नव्हती. परीक्षकाला माझा गळा ऐकू येणार नव्हता. म्हणून भावनेचा भाग स्वतः वाचू नका. तो घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या, आणि आधी काही सांगू नका. मी माझ्या भाचीला दिला. तिने तो किराण्याची यादी वाचावी तसा वाचला, आणि त्या सपाट आवाजात रात्रीच्या ओटीचे वाक्य टिकले. ‘मात केली’ टिकले नाही. ऐकणारा जवळचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. वडिलांना जे माहीत होते ते मी न लिहिताही त्यांना समजत होते. म्हणून भाचीसारखा, विषय ठाऊक नसलेला, दुसरा श्रोताही लागतो. पहिला खोटे पकडतो, दुसरा अपुरे पकडतो.

शेवटच्या वाक्याविषयी मी वडिलांनाच विचारले होते. ‘परिस्थितीवर मात केली’ असे लिहू का, या प्रश्नावर ते म्हणाले, “मात कसली? दिवस काढले.” मी तेच लिहिले.

दुरुस्त परिच्छेद पहिल्यापेक्षा लांब झाला, पण त्यात एकही विशेषण उरले नाही. ओठ वाचण्याचे वाक्य मी बदलले नाही. फक्त त्याच्यापुढे जोडले, ‘वडील आजही माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, तोंडाकडे पाहतात.’ मसुदा पुन्हा अभ्यासकेंद्रावर दिला. परत आला तेव्हा त्या वाक्याशेजारी काहीही लिहिलेले नव्हते; धोट्याच्या वाक्यापुढे मात्र पेन्सिलीने विचारले होते, ‘याविषयी वडिलांकडून आणखी काही मिळेल का?’ म्हणजे आता वाचणाऱ्याला आधार नको होता. पुढचे ऐकायचे होते.

तुमच्या मसुद्याचे पहिले पान काढा. ज्या माणसाविषयी ते लिहिले आहे तो हयात असेल, तर त्याच्यासमोर बसून, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचा. त्याने ‘कोण कोण?’, ‘कुठे?’ किंवा ‘कधी?’ असे विचारले की समासात उभी रेघ ओढा, आणि उत्तर देण्याची घाई न करता त्याचे उत्तर ऐका.